ट्रस्ट नोंदणीच्या अर्जासोबतचं पत्र: कलम १९ समोर ठेवून लिहा

प्रश्न: गावात अभ्यासिका चालवण्यासाठी आम्ही नवीन सार्वजनिक धर्मादाय ट्रस्ट काढतोय. ट्रस्ट डीडचा मसुदा आणि संस्थापकांची माहिती जोडून धर्मादाय आयुक्त कार्यालयाला पत्र द्यायचं आहे. पत्रात काय काय लिहावं? नमुना मिळेल का?

उत्तर: नमुना खाली देतो, पण त्याआधी ‘मसुदा’ या एका शब्दाबद्दल बोलू. महाराष्ट्रात नोंदणीचा अर्ज महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम १८ खाली होतो. हे कलम अस्तित्वात आलेल्या न्यासासाठी आहे आणि न्यास निर्माण झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करायला सांगतं. सही न झालेल्या मसुद्याने न्यास निर्माण होत नाही. त्यामुळे ‘सोबत ट्रस्ट डीडचा मसुदा जोडला आहे’ असं तुम्हीच लिहून दिलंत, तर न्यास अजून जन्मलाच नाही असं तुमच्याच पत्रावरून ठरतं. मग पहिल्याच तपासणीत अर्जावर त्रुटी निघते.

म्हणून मसुदा आधी वकिलाकडून किंवा सीएकडून वाचून घ्या. मग तो योग्य मुद्रांकावर उतरवा, न्यासकर्ता, सर्व विश्वस्त आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, आणि त्याची सत्यप्रत अर्जाला जोडा. पत्रात ‘दिनांक अमुक रोजी निष्पादित केलेले न्यासपत्र’ असे शब्द येऊ द्या. तीन महिने या तारखेपासून मोजायचे. मुदत उलटली असेल तर पत्रात ते लपवू नका. उशिराचं कारण देणारा वेगळा अर्ज जोडा आणि पत्राच्या सहपत्रांच्या यादीत त्याचा उल्लेख करा.

आता पत्र कोण वाचणार आणि कशासाठी, ते पाहू. नोंदणीचा खरा अर्ज म्हणजे अनुसूची दोनचा नमुना, ज्याला कार्यालयात सगळे ‘शेड्यूल टू’ म्हणतात. त्यात न्यासाचं नाव, विश्वस्तांची नावं-पत्ते, वारसाहक्काची पद्धत, उद्देश, मिळकत, उत्पन्न, खर्च असे रकाने असतात आणि शेवटी पडताळणी असते. पत्राने या अर्जाची नक्कल करायची नसते. अर्ज आल्यावर सहाय्यक किंवा उप धर्मादाय आयुक्त कलम १९ खाली चौकशी करतात, आणि त्या चौकशीत काय पाहायचं ते कायद्यातच लिहिलेलं आहे. न्यास अस्तित्वात आहे का आणि तो सार्वजनिक आहे का? सांगितलेली मिळकत त्याच्या मालकीची आहे का? न्यास या कार्यालयाच्या हद्दीत येतो का? विश्वस्त कोण, आणि त्यांच्यामागे विश्वस्त कसे येणार? उगम आणि उद्देश काय? उत्पन्न-खर्च किती? पत्र चांगलं असेल तर या प्रश्नांची उत्तरं याच क्रमाने, प्रत्येकी एक-दोन वाक्यांत, आणि ‘न्यासपत्र कलम अमुक, पान तमुक’ असा हवाला देऊन त्यात सापडतात. ‘सामाजिक बांधिलकीच्या भावनेतून’ अशी दोन पानं लिहिली तरी यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

वाई तालुक्यातलं एक प्रकरण सांगतो, तुमच्यासारखंच अभ्यासिकेचं. एक निवृत्त शिक्षक, वय अडुसष्ट. पत्नीच्या स्मरणार्थ पंचवीस हजार रुपये आणि घरातली ३२० पुस्तकं देऊन त्यांनी न्यास करायचं ठरवलं. त्यांच्या पुतण्याने पत्र लिहून आणलं होतं. भाषा छान होती, अक्षर नीटनेटकं होतं, आणि तीन वाक्यं अशी होती की त्यांच्यावरच प्रकरण अडलं असतं.

पहिलं वाक्य: ‘आमच्या वाड्यातील व भावकीतील मुलांना अभ्यासासाठी शांत जागा मिळावी या हेतूने सदर ट्रस्ट स्थापन केला आहे.’ त्यांच्या मनात गावातली सगळी मुलं होती. पण जिथे लाभार्थी म्हणजे ठरावीक, नावनिशी सांगता येणारी माणसं असतात तो खाजगी न्यास, आणि जिथे लाभ सर्वसाधारण जनतेला किंवा तिच्यातल्या एखाद्या वर्गाला असतो तो सार्वजनिक न्यास, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने देवकीनंदन विरुद्ध मुरलीधर या निकालापासून स्पष्ट केलेला आहे. भावकी म्हटलं की यादी करता येते. असं वाक्य राहिलं असतं तर न्यास सार्वजनिक आहे का, या पहिल्याच प्रश्नावर शंका उभी राहिली असती. आम्ही ते बदलून ‘जात, धर्म, लिंग असा कोणताही भेद न करता मौजे … व परिसरातील सर्व विद्यार्थ्यांसाठी’ असं केलं. मग न्यासपत्र पाहिलं, तर उद्देशाच्या कलमातही भावकीच होती. म्हणजे पत्राबरोबर न्यासपत्रही दुरुस्त करावं लागलं, आणि सह्या व्हायच्या होत्या म्हणून ते सहज जमलं. सह्या करण्याआधी पत्र लिहून पाहावं असं मी सगळ्यांना सांगतो, ते यासाठीच. उद्देश एका वाक्यात लिहायला बसलं की डीडमधला घोळ लगेच दिसतो.

दुसरं वाक्य जास्त महाग पडलं असतं: ‘ट्रस्टची स्वतःची जागा असून तेथेच कार्यालय व अभ्यासिका आहे.’ ही जागा म्हणजे गुरुजींच्या राहत्या घराची पुढची खोली. घरपट्टीचा उतारा मागवला तर त्यावर तिघा भावांची नावं. चौकशीच्या वेळी कार्यालय जी जाहीर नोटीस काढतं तिच्यात दोन मुद्दे ठळकपणे असतात: न्यास अस्तित्वात आहे काय व तो सार्वजनिक स्वरूपाचा आहे काय, आणि ‘खाली निर्दिष्ट केलेली मिळकत सदर न्यासाच्या मालकीची आहे काय?’ हरकत घ्यायला तीस दिवस असतात. ‘स्वतःची जागा’ असं लिहिलं की ती खोली मिळकतीच्या यादीत जाते, नोटिशीत छापून येते, आणि गावात न राहणारा भाऊ ती वाचून घाबरून हरकत घेतो. हरकत आली की प्रकरण पुराव्यावर जातं आणि महिने जातात. शिवाय एखादी स्थावर मिळकत न्यासाची म्हणून नोंदली गेली, की पुढे तिची विक्री, गहाण किंवा मोठ्या मुदतीचा भाडेपट्टा करायला कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. राहत्या घराची खोली या बंधनात कुणाला अडकवायची नव्हती.

म्हणून स्थावर मिळकतीबद्दल पत्रात दोनच प्रकारची वाक्यं असू शकतात. न्यासाला खरोखरच जागा दिली असेल, तर दुय्यम निबंधकांकडे नोंदलेल्या दस्ताचा क्रमांक आणि तारीख द्या. दिली नसेल, तर ‘न्यासाच्या मालकीची स्थावर मिळकत नाही, कार्यालयासाठी जागा वापरण्यास मालकांची संमती आहे’ असं स्वच्छ लिहा आणि उताऱ्यावर जितकी नावं आहेत तितक्या सगळ्यांच्या सह्यांचं ना-हरकत पत्र जोडा. गुरुजींनी पुण्याला जाऊन धाकट्या भावाची सही आणली. ते काम एका दिवसाचं होतं.

तिसरं वाक्य: ‘संस्थापक मंडळात खालील सात मान्यवर आहेत.’ तुम्हीही प्रश्नात ‘संस्थापक’ हाच शब्द वापरला आहे, म्हणून इथे जरा थांबतो. चौकशी ‘विश्वस्त’ कोण याची होते. पैसे किंवा मिळकत देऊन न्यास निर्माण करणारा तो न्यासकर्ता, आणि ती मिळकत लाभार्थ्यांसाठी सांभाळणारे ते विश्वस्त. एकच माणूस दोन्ही असू शकतो, पण आपोआप नसतो. त्या यादीतल्या सात जणांपैकी पाच विश्वस्त होते. उरलेले दोघे म्हणजे देणगी देणारे मामा आणि गावच्या शाळेचे माजी मुख्याध्यापक, मानाने नाव घातलेले. अशी नावं पत्रात आली की कार्यालय त्यांचंही संमतीपत्र आणि ओळखपत्र मागतं, आणि डीडमध्ये नावं का नाहीत असंही विचारतं. मानाच्या माणसांचा सत्कार उद्घाटनाला करा. पत्रात न्यासकर्ता एका ओळीत आणि विश्वस्त तक्त्यात, एवढंच.

या तक्त्यातल्या नावांकडे फार बारकाईने पाहा. आमच्या पाच विश्वस्तांपैकी एकांना अख्खा तालुका आप्पासाहेब म्हणतो. न्यासपत्रात तेच नाव, संमतीपत्रावर तेच नाव, आणि आधारकार्डावर दत्तात्रय. कार्यालयाच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसं. ओळखपत्रावर जसं नाव आहे तसंच न्यासपत्र, अनुसूची दोन, संमतीपत्र, शपथपत्र आणि पत्र या पाचही ठिकाणी यायला हवं. बोलावायचं नाव ठेवायचंच असेल तर ‘ऊर्फ’ लावून पाचही ठिकाणी. मी हे काम असं करतो: पाचही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडतो, एकजण ओळखपत्रावरून नाव मोठ्याने वाचतो आणि बाकीचे आपापल्या हातातल्या कागदावर बोट ठेवून पाहतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या विश्वस्त भगिनींच्या बाबतीत तर याच पद्धतीने चुका सापडतात.

विश्वस्तांच्या माहितीत आणखी एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे वारसाहक्काची पद्धत, अर्थात पुढचे विश्वस्त कसे नेमले जातील. ‘सर्व विश्वस्त आजीव राहतील’ एवढंच लिहिलेली अनेक न्यासपत्रं माझ्याकडे येतात. एक विश्वस्त वारला की त्याच्या जागी कोण, कुणी नेमायचा, किती दिवसांत, काहीच नाही. विश्वस्तांमध्ये बदल झाला की नव्वद दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो, आणि तो बदल न्यासपत्रातल्या पद्धतीने झाला का, हेच तिथे तपासलं जातं. पद्धतच लिहिलेली नसेल तर घराघरात भांडणं लागतात. गुरुजींच्या न्यासपत्रात आम्ही पाच वर्षांची मुदत घातली आणि रिकामी जागा उरलेल्या विश्वस्तांनी बहुमताने साठ दिवसांत भरायची असं लिहिलं.

सुरुवातीच्या रकमेबद्दल एक व्यावहारिक अडचण येते. नोंदणीआधी न्यासाच्या नावाचं बँक खाते निघत नाही, मग पंचवीस हजार दाखवायचे कसे? न्यासकर्त्याने ती रक्कम विश्वस्तांच्या ताब्यात दिली आणि त्यांनी ती मूळ निधी म्हणून स्वीकारली, असं न्यासपत्रात आणि पत्रात लिहा, पावती जोडा. ‘नोंदणी झाल्यावर देणगी देण्यात येईल’ असं लिहिलं तर आज न्यासाकडे मिळकतच नाही असा अर्थ होतो. रकमेचा आकडा सगळ्या कागदांवर एकच ठेवा, कारण नोंदणीची फीसुद्धा मिळकतीच्या किमतीवर ठरते.

हे सगळं धरून गुरुजींचं पत्र शेवटी असं झालं. ओळखीचा तपशील काढून देतो.

प्रति,
मा. सहाय्यक धर्मादाय आयुक्त,
सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालय, सातारा.

दिनांक : ३ मार्च २०२५

विषय : महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम १८ अन्वये ‘………’ या सार्वजनिक धर्मादाय न्यासाच्या नोंदणीबाबत.

महोदय,

१. श्री. ……… , रा. मौजे ……… , ता. वाई, जि. सातारा यांनी दि. १० फेब्रुवारी २०२५ रोजी निष्पादित केलेल्या न्यासपत्राद्वारे वरील न्यास निर्माण केला आहे. न्यासपत्राची सत्यप्रत सोबत जोडली आहे (सहपत्र १). अर्ज विहित तीन महिन्यांच्या मुदतीत आहे.

२. न्यासाचा उद्देश मौजे ……… व परिसरातील सर्व विद्यार्थ्यांसाठी, कोणताही भेद न करता, विनामूल्य अभ्यासिका व ग्रंथालय चालविणे हा आहे (न्यासपत्र कलम ४). न्यास अपरिवर्तनीय असून त्याचे उत्पन्न अथवा मिळकत न्यासकर्ता किंवा विश्वस्त यांच्या वैयक्तिक लाभासाठी वापरता येणार नाही (कलम ११).

३. न्यासाची जंगम मिळकत पुढीलप्रमाणे आहे : मूळ निधी रोख रु. २५,०००, जो न्यासकर्त्याने विश्वस्तांकडे सुपूर्द केला आहे (सहपत्र २, पावती). पुस्तके ३२०, अंदाजे किंमत रु. ३०,००० (सहपत्र ३, यादी). न्यासाच्या मालकीची स्थावर मिळकत नाही.

४. न्यासाचे कार्यालय मौजे ……… येथे, म्हणजे आपल्या कार्यालयाच्या अधिकारक्षेत्रात आहे. जागा वापरण्यास तिन्ही सहमालकांचे ना-हरकत पत्र व घरपट्टीचा उतारा जोडला आहे (सहपत्र ४).

५. न्यासाचे पाच विश्वस्त असून त्यांची नावे, वय, व्यवसाय व पत्ते सहपत्र ५ मध्ये दिले आहेत. प्रत्येकाचे संमतीपत्र व ओळखपत्राची प्रत त्यासोबत आहे. न्यासकर्ता हे स्वतः विश्वस्तही आहेत. विश्वस्तांची मुदत व रिक्त जागा भरण्याची पद्धत न्यासपत्राच्या कलम ७ मध्ये आहे.

६. न्यास नवीन असल्याने मागील उत्पन्न-खर्च नाही. पहिल्या वर्षी देणग्यांतून रु. ४०,००० उत्पन्न व वीज, वृत्तपत्रे आणि पुस्तके यांवर रु. ३६,००० खर्च अपेक्षित आहे.

७. अनुसूची दोनमधील अर्ज, अर्जदाराचे शपथपत्र व विहित फी सादर केली आहे. पत्रव्यवहार अर्जदार विश्वस्त श्री. ……… यांच्याशी वरील पत्त्यावर करावा.

तरी न्यासाची नोंदणी करून नोंदणी प्रमाणपत्र देण्यात यावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
(अर्जदार विश्वस्ताची सही व नाव)

पत्र दीड पानात बसतं. खाली सहपत्रांची यादी द्या आणि प्रत्येकापुढे पान क्रमांक ‘पासून-पर्यंत’ लिहा. सगळा गठ्ठा सलग क्रमांकाचा असला की निरीक्षकाला पान उलटून शोधावं लागत नाही. वकील दिला असेल तर वकीलपत्र यादीत येतं. अर्ज ऑनलाइन भरला असेल, तर त्याचा क्रमांक विषयाखाली संदर्भ म्हणून टाका आणि तिथे भरलेले आकडे पत्राशी जुळवून घ्या.

परिच्छेद सहामधल्या अंदाजाबद्दल बरेचजण विचारतात की मोठा आकडा लिहिला तर बरं दिसेल का. नाही. चौकशीत अर्जदाराची साक्ष शपथपत्रावर होते, आणि चाळीस हजार कुठून येणार असं विचारलं तर गुरुजींकडे उत्तर तयार होतं: चार माजी विद्यार्थी वर्षाला प्रत्येकी दहा हजार देणार. तुम्हालाही असंच सांगता येईल तोच आकडा लिहा.

नावाचंही पाहून घ्या. सरकारी खातं किंवा आयोग वाटेल असं नाव असेल तर हरकत येते. त्याच भागात आधीपासून नोंदलेल्या न्यासाशी जुळणारं नाव असेल तरी तेच. पर्यायी दोन नावं मनात ठेवा, पण पत्रात एकच लिहा, कारण न्यासपत्रात एकच असतं.

कुणीतरी तुम्हाला ‘संस्था काढा, सोपं पडतं’ असंही सांगेल. सोसायटी १८६० च्या कायद्याखाली होते, तिला किमान सात सदस्य लागतात, घटना आणि नियमावली लागते, आणि तिचं पत्र वेगळं असतं. तुम्ही न्यासपत्र केलं असेल तर सोसायटीचे नमुने उतरवू नका. ‘अध्यक्ष, सचिव, खजिनदार, सभासद’ हे शब्द त्या नमुन्यांतून न्यासाच्या पत्रात येतात आणि मग कार्यालय विचारतं की ही सोसायटी आहे की न्यास.

दाखल करायला जाताना पत्राची दुसरी प्रत न्या आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. गुरुजींच्या पत्राची अशी प्रत अभ्यासिकेच्या कपाटात पहिल्या फाइलमध्ये लावलेली आहे. मध्यंतरी चौकशीच्या वेळी एक कागद गठ्ठ्यात सापडेना, तेव्हा त्या शिक्क्यावरूनच सहपत्र चार दाखल झालं होतं हे दाखवता आलं.